सात टक्क्यांची ठेव, हातात पाच टक्के

सांगलीतल्या एका दुकानदाराचे उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण त्याला लागू होणारे दर आणि नियम खरे आहेत. त्याने १० जानेवारी २०२४ रोजी भारतीय स्टेट बँकेत ६ लाख रुपयांची मुदतठेव ठेवली. मुदत दोन वर्षांची, व्याजदर ७ टक्के, आणि व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवून शेवटी एकत्र घ्यायचे. दहा महिने होत आले तेव्हा दुकानाच्या कामासाठी पैसे लागले आणि ५ नोव्हेंबरला त्याने ठेव मोडली. वेळेआधी मोडली तर एक टक्का दंड, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने घरूनच हिशेब केला होता. सातातून एक गेला, सहा टक्क्यांनी व्याज मिळेल, म्हणजे साधारण ३०,०८९ रुपये. प्रत्यक्षात खात्यात मुद्दलाबरोबर आले २५,००१ रुपये.

पाच हजार रुपये कमी. बँकेने चूक केली का? नाही. हिशेब बरोबर आहे. दुकानदाराने दंड बरोबर धरला, पण तो चुकीच्या आकड्यातून वजा केला.

एक नव्हे, दोन कपाती

ठेव मोडली की ठरलेला ७ टक्क्यांचा दर तिथेच संपतो. तो दर दोन वर्षे पैसे ठेवण्याच्या बोलीवर दिलेला होता, आणि ती बोली पाळली गेली नाही. मग बँक पाहते की पैसे खरोखर किती दिवस राहिले. तेवढ्याच दिवसांची ठेव सुरुवातीला ठेवली असती तर त्या दिवशी कोणता दर मिळाला असता, तो दर आता लागू होतो. ही पहिली कपात. ठेवींच्या व्याजाबाबत रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांत हे तत्त्व स्पष्ट आहे: व्याज द्यायचे ते ठेव जितका काळ बँकेत राहिली त्या काळाच्या दराने, करारातल्या दराने नाही. ठेव सात दिवसही राहिली नाही, तर व्याजच मिळत नाही.

या बदललेल्या दरातून मग दंड वजा होतो. ही दुसरी कपात. दंड किती असावा हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही. प्रत्येक बँकेचे संचालक मंडळ आपल्या ठेव धोरणात तो ठरवते. स्टेट बँकेत ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला अर्धा टक्का आणि त्याहून मोठ्या किरकोळ ठेवीला एक टक्का दंड आहे. काही बँका सरसकट एक टक्का घेतात, काही ठरावीक मुदतीच्या ठेवींना दंड लावतच नाहीत. म्हणून शेजाऱ्याच्या बँकेतला अनुभव आपल्या ठेवीला लागू पडेलच असे नाही.

आता दुकानदाराची ठेव पाहू. १० जानेवारी ते ५ नोव्हेंबर २०२४ हे बरोबर ३०० दिवस होतात. ठेव ठेवली त्या दिवशी स्टेट बँकेचे जे दरपत्रक चालू होते ते २७ डिसेंबर २०२३ पासूनचे. त्यात दोन वर्षांपासून तीन वर्षांच्या आतल्या ठेवीला ७ टक्के होते, म्हणून त्याला ७ मिळाले. २११ दिवसांपासून एक वर्षाच्या आतल्या ठेवीला मात्र ६ टक्के होते. ३०० दिवस या दुसऱ्या गटात बसतात. म्हणजे ७ चे आधी ६ झाले, आणि ठेव ५ लाखांच्या वर असल्याने एक टक्का दंड जाऊन ६ चे ५ झाले.

पाच टक्क्यांचे रुपये कसे होतात

बँका एकत्रित व्याजाच्या ठेवीवर सहसा दर तिमाहीला चक्रवाढ धरतात. पूर्ण झालेल्या तिमाह्यांचे व्याज मुद्दलात मिळवतात आणि शेवटची तिमाही अपुरी असेल तर उरलेल्या दिवसांचे सरळव्याज देतात. वर्ष ३६५ दिवसांचे धरले जाते.

वर्षाला ५ टक्के म्हणजे तिमाहीला सव्वा टक्का. १० एप्रिलला ६,००,००० चे ६,०७,५०० रुपये झाले. १० जुलैला त्यावर सव्वा टक्का मिळून ६,१५,०९४ झाले आणि १० ऑक्टोबरला ६,२२,७८२. तीन तिमाह्या संपल्या. पुढे ५ नोव्हेंबरपर्यंत २६ दिवस उरतात. ६,२२,७८२ रुपयांवर ५ टक्क्यांनी २६ दिवसांचे सरळव्याज २,२१८ रुपये होते. एकूण ६,२५,००१ रुपये, म्हणजे व्याज २५,००१. २०२४ हे लीप वर्ष होते. कोणी ३६६ दिवस धरून हिशेब केला तरी फरक सहा रुपयांचा पडतो.

संगणकावर किंवा मोबाइलवर एक्सेल असेल तर एवढ्या हिशेबाला एक ओळ पुरते:

```
=600000*(1+5%/4)^3*(1+5%*26/365)
```

यात मुद्दल, दर, पूर्ण तिमाह्यांची संख्या आणि उरलेले दिवस एवढेच आपापल्या ठेवीप्रमाणे बदलायचे. ५ च्या जागी ७ घातले तर व्याज ३५,२०६ येते, ६ घातले तर ३०,०८९. आता दुकानदाराचे नुकसान नीट दिसते. ठेव सात टक्क्यांनीच चालली असती तर ३०० दिवसांत जे मिळाले असते, त्यापेक्षा त्याला १०,२०५ रुपये कमी मिळाले. त्यातले ५,११७ रुपये मुदतीचा गट बदलल्याने गेले आणि ५,०८८ रुपये दंडापोटी. लोक ज्याला दंड म्हणतात तो या उदाहरणात एकूण तोट्याच्या निम्माच आहे.

इथे आणखी एक गैरसमज दूर होतो. एक टक्का दंड म्हणजे ६ लाखांचे ६,००० रुपये कापणे नव्हे. तो व्याजदरातला टक्का आहे आणि ठेव राहिली तेवढ्याच दिवसांना लागतो. त्याच ठेवीचे २०० दिवस झाले असते तर दंडाचे रुपयेही त्या प्रमाणात कमी झाले असते.

दरपत्रक कोणत्या तारखेचे

बदललेला दर तपासताना सर्वात जास्त घोळ होतो तो तारखेचा. दुकानदाराने ठेव मोडली त्या दिवशी शाखेतल्या फलकावर २११ दिवसांपासून एक वर्षाच्या आतल्या ठेवीला ६.५० टक्के लिहिलेले होते, कारण स्टेट बँकेने १५ जून २०२४ पासून तो दर वाढवला होता. फलक पाहून त्याला वाटू शकते की आपल्याला साडेसहा वजा एक, म्हणजे साडेपाच मिळायला हवे. पण बँकेच्या नियमात शब्द स्पष्ट आहेत: ठेव ठेवताना, तेवढ्या मुदतीला असलेला दर. मोडण्याच्या दिवशीचा फलक इथे कामाचा नाही.

हाच नियम दर उतरत असताना ठेवीदाराच्या बाजूने उभा राहतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि बँकांनी ठेवींचे दरही खाली आणले. २०२४ मधली ठेव कोणी २०२५ च्या अखेरीस मोडली आणि हिशेबात नवा, उतरलेला दर धरला गेला, तर ठेवीदाराचे थेट नुकसान होते. अशा वेळी जुने दरपत्रक मागायचे. ठेव पावतीवर ठेवीची तारीख असते. त्या तारखेला चालू असलेले दरपत्रक शाखेकडून मिळवता येते, आणि दर बदलल्याची जुनी परिपत्रके अनेक बँकांच्या संकेतस्थळावरही सापडतात.

तारखेची दुसरी मेख आपोआप नूतनीकरण होणाऱ्या ठेवींत आहे. ‘आमची ठेव पाच वर्षांपूर्वीची,’ असे म्हणत माणूस ती मोडायला जातो, पण ती महिन्यापूर्वीच मुदत संपून पुढच्या मुदतीसाठी आपोआप नव्याने सुरू झालेली असते. दिवस मोजायचे ते या नव्या तारखेपासून. मग हातात पडतो तो महिनाभराच्या ठेवीचा दर, आणि तो फार कमी असतो. २७ डिसेंबर २०२३ च्या दरपत्रकात ७ ते ४५ दिवसांच्या ठेवीला ३.५० टक्के होते. मोडायला जाण्याआधी पावतीवरची शेवटची नूतनीकरणाची तारीख पाहिली की हा धक्का टळतो.

‘जो कमी असेल तो’

बँकेच्या नियमात एक छोटे वाक्य असते आणि ते सहसा वाचायचे राहून जाते. स्टेट बँकेत दंड वजा करताना दोन आकडे काढले जातात. एक, ठेव राहिली त्या काळाचा दर वजा दंड. दुसरा, करारातला दर वजा दंड. यातला जो कमी, तो मिळतो.

दुकानदाराच्या बाबतीत पहिला आकडा ५ आणि दुसरा ६, म्हणून ५. इथे या वाक्याने काही फरक पडला नाही. पण त्याच दिवशी, त्याच बँकेत कोणी पाच वर्षांसाठी ६ लाख ठेवले असते तर? त्या दरपत्रकात पाच वर्षे व त्याहून मोठ्या मुदतीला ६.५० टक्के होते, तर एक वर्षापासून दोन वर्षांच्या आतल्या ठेवीला ६.८०. म्हणजे मोठ्या मुदतीचा दर लहान मुदतीपेक्षा कमी होता. ही ठेव तेरा महिन्यांनी मोडली तर राहिलेल्या काळाच्या दराने ५.८० येतात आणि करारातल्या दराने ५.५०. मिळतील ५.५०. दर तपासणाऱ्याने दोन्ही आकडे काढूनच तुलना करावी. एकच काढला तर बँकेने अर्धवट दर दिला असे वाटत राहील.

मुद्दल कमी झाल्यासारखे दिसते तेव्हा

दर महिन्याला किंवा दर तिमाहीला व्याज हातात घेणाऱ्यांना, विशेषतः त्यावर घर चालवणाऱ्या निवृत्तांना, ठेव मोडताना वेगळाच अनुभव येतो. खात्यात मुद्दलापेक्षा कमी रक्कम जमा होते आणि बँकेने मुद्दलच खाल्ले असे वाटते.

वरचीच ठेव तिमाही व्याजाची होती असे धरू. ७ टक्क्यांनी दर तिमाहीला १०,५०० रुपये जमा होत गेले. तीन तिमाह्यांत ३१,५०० रुपये मिळाले आणि ते खर्चही झाले. ठेव मोडल्यावर दर ५ टक्के ठरला. त्या दराने तीन तिमाह्यांचे २२,५०० आणि २६ दिवसांचे २,१३७ मिळून २४,६३७ रुपयेच देणे होते. म्हणजे ६,८६३ रुपये आधीच जास्त दिले गेले होते. ही रक्कम बँक मुद्दलातून वळती करून घेते आणि हातात येतात ५,९३,१३७ रुपये. मुद्दल बुडालेले नसते. आधी जास्त मिळालेले व्याज परत गेलेले असते. ठेवीच्या काळात मिळालेले सगळे व्याज पासबुकातून जमवले, त्यात शेवटची रक्कम मिळवली आणि मूळ ६ लाख वजा केले, की खरे व्याज समोर येते: २४,६३७.

हाताशी असलेल्या कागदावरची पडताळणी

बँकेने नेमका कोणता दर लावला हे उलट दिशेनेही काढता येते. मिळालेले एकूण व्याज भागिले मुद्दल, गुणिले ३६५, भागिले दिवस. दुकानदाराचे आकडे घातले तर ५.०७ टक्के येतात. चक्रवाढीमुळे हा आकडा मूळ दरापेक्षा किंचित जास्त येतो, म्हणून ५.०७ दिसले तर लावलेला दर ५ आहे असे समजायला हरकत नाही. उत्तर साडेचारच्या आसपास आले असते तर शाखेत विचारण्याजोगे काहीतरी आहे.

हे करण्याआधी खात्यात आलेल्या रकमेतून टीडीएस कापला गेला आहे का ते पाहावे. कापला असेल तर तो व्याजात परत मिळवूनच भागाकार करावा. टीडीएस हा दंड नव्हे, तो ठेवीदाराच्या नावावर जमा झालेला कर आहे. एकत्रित व्याजाच्या ठेवीत व्याज हातात आलेले नसतानाही, जुन्या चढ्या दराने मोजलेल्या व्याजावर बँकेने मागच्या आर्थिक वर्षात कर कापून भरलेला असू शकतो. ठेव मोडल्यावर ते व्याज कमी होते, पण भरलेला कर बँक परत देत नाही. त्याचा हिशेब विवरणपत्रात मांडावा लागतो. म्हणून ठेव बंद केल्याचा तपशील जपून ठेवावा.

ज्येष्ठ नागरिकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ठेव ज्येष्ठ नागरिकाच्या दराने ठेवलेली असेल तर राहिलेल्या काळाचा दरही दरपत्रकातल्या ज्येष्ठांच्या रकान्यातून घेतला गेला आहे का? सहसा हा दर अर्ध्या टक्क्याने जास्त असतो. दुकानदाराच्या जागी ज्येष्ठ ठेवीदार असता तर ६ च्या जागी ६.५० धरून, दंड जाऊन ५.५० टक्के मिळाले असते.

शाखेत जाताना प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके मिळते. ‘व्याज कमी का दिले’ असे विचारण्याऐवजी तीन आकडे लेखी मागावेत: राहिलेल्या काळासाठी धरलेला दर आणि तो कोणत्या तारखेच्या दरपत्रकातला, वजा केलेला दंड किती, आणि आधी दिलेल्या व्याजाची वसुली किती. चूक असेल तर ती या तीनपैकी एका आकड्यात सापडते.

दंड लागत नाही तेव्हा

दंड किती लागेल हे ठेव घेतानाच सांगणे बँकेवर बंधनकारक आहे. पावतीवर, अर्जात किंवा अटींत ते कुठे आहे हे विचारण्याचा ठेवीदाराला हक्क आहे. ठेवीदाराचा मृत्यू झाला आणि वारसाने किंवा नामनिर्देशित व्यक्तीने ठेव मुदतीआधी बंद केली, तर दंड आकारू नये असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. राहिलेल्या काळाचा दर तिथेही लागतो, पण त्यातून टक्का वजा होत नाही. घरात दुःख असताना हा तपशील पाहिला जात नाही, म्हणून तो आधीच माहीत असलेला बरा.

काही ठेवी मोडताच येत नाहीत. प्राप्तिकरात सवलत देणारी पाच वर्षांची ठेव ही त्यातली एक. त्याखेरीज, मुदतीआधी मोडता न येणाऱ्या ठेवी बँका देऊ शकतात, पण व्यक्तींच्या १ कोटी रुपयांपर्यंतच्या ठेवींना मोडण्याची सोय द्यावीच लागते. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ही मर्यादा १५ लाखांची होती. महाराष्ट्रात अनेकांचे पैसे पतसंस्थांतही असतात. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यांना रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागू होत नाहीत. तिथे मुदतपूर्व व्याजाचा नियम संस्थेच्या ठेवविषयक नियमांतच शोधावा लागतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. तक्रारीसोबत ठेव पावती, ठेवीच्या तारखेचे दरपत्रक आणि आपला हिशेब जोडला की मुद्दा एका पानात मांडता येतो.

मोडण्याआधीचा हिशेब

सांगलीच्या दुकानदाराला वर्ष पुरे व्हायला ६६ दिवस उरले होते. १० जानेवारी २०२५ रोजी ठेव एक वर्षाच्या गटात गेली असती. त्या गटाचा दर ६.८०, दंड जाऊन ५.८०, आणि व्याज ३५,५६४ रुपये. म्हणजे केवळ ६६ दिवसांनी व्याज १०,५६३ रुपयांनी वाढले असते.

त्याला तातडीने ५ लाख हवे होते असे धरले तर ठेवीवर कर्ज हा मार्ग होता. स्टेट बँकेत असे कर्ज ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त दराने मिळते. ५ लाखांवर ८ टक्क्यांनी ६६ दिवसांचे व्याज साधारण ७,२३३ रुपये. वाढीव व्याजातून ते वजा केले तर ३,३३० रुपये उरतात. ठेव मोडल्यावर हाती राहिलेले सव्वा लाख रुपये बचत खात्यात पडून राहिले असते, त्यांचे सहाएकशे रुपये व्याज धरले तरी कर्जाचा मार्ग अडीच हजारांहून जास्त फायद्याचा ठरला असता. पैसे वर्षभरासाठी अडकणार असते तर कर्जाचे व्याज साठत जाऊन हे गणित पुन्हा मांडावे लागले असते.

आणि ठेवतानाच ६ लाखांच्या दोन पावत्या केल्या असत्या, प्रत्येकी ३ लाखांच्या, तर निम्म्या पैशांची गरज पडल्यावर एकच मोडावी लागली असती. तिला अर्धाच टक्का दंड बसला असता, आणि दुसरी पावती १० जानेवारी २०२६ पर्यंत ७ टक्क्यांनी चालत राहिली असती.